मॉर्फीन, ट्रामाडॉल आणि अडलेलं पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीव्र किंवा जुनाट दुखण्यासाठी मॉर्फीन, ट्रामाडॉल, कोडीन, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटॅनिल यांपैकी एखादं औषध महिनोन्‌महिने घेणाऱ्यांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. या औषधांच्या गटाला ओपिऑइड म्हणतात. रुग्ण दुखण्याबद्दल न विचारता सांगतात. संडासबद्दल मात्र तपासणी संपवून उठताना, दाराशी थांबून, हळू आवाजात विचारतात. तिथेच विचारलेले हे प्रश्न आहेत.

मॉर्फीन सुरू होऊन आठवडा झाला. पोट साफ होत नाही. शरीराला सवय झाली की आपोआप थांबेल ना?

नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. सुरुवातीला गुंगी येते, मळमळतं, पण हे त्रास साधारण काही दिवसांत ओसरतात, कारण मेंदूला औषधाची सवय होते. मोठ्या आतड्याला अशी सवय जवळजवळ होतच नाही. पहिल्या आठवड्यात जो अडथळा होता, तो सहाव्या महिन्यातही तेवढाच असतो. त्यामुळे "थोडे दिवस वाट बघू" हा सल्ला मळमळीसाठी बरोबर आहे, बद्धकोष्ठतेसाठी चूक.

दुखण्याच्या औषधाचा आतड्याशी काय संबंध?

ही औषधं मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या ग्राहीला चिकटून दुखणं कमी करतात, तीच ग्राही आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यातही असते. तिला म्यू ग्राही म्हणतात. तिथे औषध बसलं की मळ पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात. आतडं हलत राहतं, पण जागच्या जागी आवळल्यासारखं, आणि मळ पुढे सरकत नाही. आतड्यात पाझरणारं पाणीही घटतं. मळ जास्त वेळ आत राहिल्यामुळे उरलेलं पाणी शोषलं जातं आणि तो कोरडा, टणक होतो. शेवटी गुदद्वाराचा स्नायूही नीट सैल होत नाही. म्हणजे चाल मंद, मळ कोरडा आणि दार अर्धवट बंद, असा तिहेरी अडथळा असतो.

जुलाब थांबवायला जी लोपेरामाइडची गोळी घेतात, तीही ओपिऑइडच आहे. ती मेंदूपर्यंत फारशी पोचत नाही, एवढाच फरक. तुमचं वेदनाशामक आतड्यापुरतं तिच्यासारखंच काम रोज करत असतं, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

किती दिवस शौच झालं नाही म्हणजे काळजी करायची?

दिवस मोजून पूर्ण चित्र कळत नाही. रोज जाऊन येणाऱ्यालाही बद्धकोष्ठता असू शकते. पंधरा मिनिटं कुंथून चार खडे पडले तर त्याला पोट साफ होणं म्हणत नाहीत. औषध सुरू केल्यापासून किंवा मात्रा वाढवल्यापासून काय बदललं, ते बघा. आठवड्यात ३ पेक्षा कमी वेळा होणं, जोर करावा लागणं, मळ गोळ्यांसारखा कडक होणं, झाल्यावरही आत काही राहिल्यासारखं वाटणं, मध्येच अडल्याची भावना, बोटाने काढावं लागणं. यांतली दोन लक्षणं वारंवार दिसू लागली तर ती ओपिऑइडमुळे होणारी बद्धकोष्ठता धरायची.

मळाचं वर्णन करायला लाज वाटत असेल तर ब्रिस्टल तक्ता वापरा. त्यात सात प्रकारांची चित्रं आहेत. १ म्हणजे सुटे कडक खडे, ४ म्हणजे गुळगुळीत, मऊ, सलग, आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. "डॉक्टर, आठवडाभर १ नंबर आहे" एवढं सांगितलं तरी पुढचं काम निम्मं होतं.

जुलाबाचं औषध कधी सुरू करायचं? त्रास झाल्यावरच ना?

ज्या दिवशी ओपिऑइडची पहिली गोळी, त्याच दिवशी रेचकही सुरू. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हेच ठेवा. मळ एकदा कोरडा होऊन बसला की तो काढणं अवघड असतं, आणि तो कोरडा होऊ न देणं फार सोपं असतं. अगोदर वेगळ्या कारणाने जुलाब चालू असतील तर मात्र थांबून डॉक्टरांना विचारा.

साधारणपणे दोन वेगळ्या प्रकारांची जोडी वापरली जाते, कारण अडथळेही वेगळे आहेत. पहिलं औषध आतड्याला हलवतं. ते म्हणजे सेना किंवा बायसाकोडिल. प्रौढांसाठी सेनाची सुरुवात बहुधा रात्री २ गोळ्यांनी होते, बायसाकोडिलची ५ ते १० मिलिग्रॅमने. तोंडाने घेतल्यावर परिणाम ६ ते १२ तासांनी होतो, म्हणून ती झोपताना घ्यायची. दुसरं औषध आतड्यात पाणी धरून ठेवतं. ते म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोजचं सिरप. पावडरची नेहमीची मात्रा दिवसाला १७ ग्रॅम, साधारण एक पेला पाण्यात विरघळवून. लॅक्टुलोजने पोट फुगतं आणि वायू होतो, शिवाय परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात. मला पावडर बरी वाटते, पण गोड सिरपच चालतं असं म्हणणारेही असतात, आणि जे रोज घेतलं जाईल तेच उपयोगी.

मग २-३ दिवस बघायचं. दिवसाआड किंवा रोज, जोर न करता, ३ ते ५ नंबरचा मळ होतोय का? होत नसेल तर डॉक्टरांना कळवून मात्रा एक पायरी वाढवायची. खूप पातळ होत असेल तर एक पायरी खाली यायचं, पूर्ण बंद करायचं नाही. "पोट साफ झालं, आता गोळी बंद" असं केलं की चार दिवसांत परत मूळ जागी येतो.

इसबगोल किंवा कोंडा घेतला तर चालेल का? तो तर नैसर्गिक आहे.

इतर वेळी चांगला, इथे नको. इसबगोल पाणी शोषून फुगतो, मळाचा आकार वाढवतो, आणि आतड्याच्या भिंतीला ताण मिळाला की ते त्याला ढकलतं, असा त्याचा हिशेब आहे. पण ओपिऑइडने ढकलणंच मंद केलेलं असतं. फुगलेला लगदा तिथेच साचतो. रुग्ण पाणी कमी पीत असेल, अंथरुणाला खिळलेला असेल तर त्याचा गच्च गोळाही होऊ शकतो. जेवणातल्या भाज्या-फळांचा साधा चोथा चालतो. वरून चमच्याने टाकलेला चोथा टाळायचा.

मळ मऊ करणाऱ्या डॉक्यूसेटबद्दलही विचारतात. त्या एकट्या औषधावर विसंबू नका. आत मऊ झालेला मळ आपोआप बाहेर येत नाही.

वर्षानुवर्षं सेना घेतली तर आतडं आळशी होतं असं ऐकलंय.

फार जुनी भीती आहे आणि तिच्यापायी लोक दुखणं सोसत बसतात. नेहमीच्या मात्रेत सेना किंवा बायसाकोडिलने आतड्याच्या मज्जातंतूंची कायमची हानी होते, याला ठोस पुरावा नाही. कधीकधी तपासणीत आतड्याचं अस्तर काळपट दिसतं. तो रंगद्रव्याचा थर असतो, निरुपद्रवी, आणि औषध थांबल्यावर काही महिन्यांत फिकट होत जातो. ओपिऑइड चालू असेपर्यंत रेचक चालू ठेवण्यात काही गैर नाही. रेचकाने आतडं आळशी होतं असं म्हणणं हे चष्मा लावल्याने डोळे आळशी होतात असं म्हणण्यासारखं आहे.

सगळं ठीक होतं, मग अचानक पुन्हा अडलं. ओपिऑइडची मात्रा तर तीच आहे.

तेव्हा औषधांच्या यादीत नवं काय आलं ते बघा. आतड्याला मंद करणारं ओपिऑइड हे एकटं औषध नाही. त्याच्यावर दुसरं चढलं की दोघांचा भार मिळून जास्त होतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असतात म्हणून कुणाच्याच नजरेत भरत नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगते, कारण यात सगळ्या चुका एका ओळीत बसल्या आहेत. (एकाच रुग्णाचं नाही, अनेकदा दिसणाऱ्या क्रमातून बांधलं आहे.) एक ६४ वर्षांच्या आजी. कर्करोग हाडांत उतरल्यामुळे दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फीन, म्हणजे १२ तासांनी दीर्घ परिणामाची ३० मिलिग्रॅमची गोळी. सोबत रात्री सेनाच्या २ गोळ्या आणि सकाळी पावडरीची एक मात्रा. तीन आठवडे दिवसाआड, ४ नंबर, काही तक्रार नाही. मग पायात जळजळ सुरू झाली. त्यासाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन २५ मिलिग्रॅम मिळालं. रक्त कमी निघालं म्हणून लोहाची गोळी आली. मळमळीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन आलं. प्रत्येक औषध आपापल्या जागी योग्यच. पण तिन्ही बद्धकोष्ठता करतात, आणि रेचकाची मात्रा मात्र तशीच राहिली.

चौथ्या दिवसापासून खडे पडू लागले. मग पाच दिवस काहीच नाही. सहाव्या दिवशी पातळ पाण्यासारखं, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, कपड्यांवरही लागलेलं. घरच्यांना वाटलं जुलाब लागले. त्यांनी सेना आणि पावडर बंद केली आणि घरात पडलेल्या लोपेरामाइडच्या २ गोळ्या दिल्या. म्हणजे अडलेल्या आतड्यावर आणखी एक ओपिऑइड. दुसऱ्या दिवशी पोट तट्ट, जेवण बंद, उलटीची भावना.

जुलाब होत असताना पोट अडलेलं कसं असेल?

मोठ्या आतड्याच्या टोकाशी मळाचा टणक गोळा बसला की त्याच्या वर साचलेला पातळ भाग कडेने झिरपून खाली येतो. याला ओसंडून होणारे जुलाब म्हणता येईल. खऱ्या जुलाबांपासून ओळखायची खूण अशी, की आधी काही दिवस शौच झालेलंच नसतं किंवा खडे पडलेले असतात, पातळ थोडं थोडं आणि न कळत येतं, आणि आत भरल्याची, दाबाची भावना जात नाही. शंका असेल तर लोपेरामाइड घेऊ नका आणि स्वतःच्या मनाने रेचक बंद किंवा दुप्पटही करू नका. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी एका मिनिटात उत्तर देते. आजींच्या बाबतीत बोटाला दगडासारखा मळ लागला.

मग आजींचं काय केलं?

आधी आतड्याची पूर्ण अडवणूक नाही याची खात्री केली, कारण ती असेल तर जुलाबाचं औषध धोकादायक ठरतं. गोळा अगदी खाली होता, म्हणून सुरुवात खालूनच केली. ग्लिसरीनची आणि बायसाकोडिलची अशा दोन सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायच्या कांड्या, आतड्याच्या भिंतीला लागतील अशा ठेवल्या. मळात खुपसलेली बायसाकोडिलची कांडी काम करत नाही, ती भिंतीला टेकली पाहिजे. तासाभरात थोडा मळ निघाला. मग एनिमा. खालची वाट मोकळी झाल्यावर वरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा मोठा डोस. अडकलेल्या मळासाठी १३ ग्रॅमच्या पुड्या मिळतात, त्यातल्या ८ पुड्या १ लिटर पाण्यात, ६ तासांत संपवायच्या, गरज पडली तर तीन दिवस. हे घरी स्वतःच्या मनाने करू नये. दुसऱ्या दिवशी मोठा निचरा झाला आणि उलटीची भावना गेली.

नंतर यादी दुरुस्त केली. अ‍ॅमिट्रिप्टिलीनऐवजी जळजळीसाठी बद्धकोष्ठता तुलनेने कमी करणारं दुसरं औषध. लोहाची गोळी बंद करून शिरेतून लोह. ऑन्डॅन्सेट्रॉन रोज न घेता फक्त गरज पडली तर. सेना सकाळी २ आणि रात्री २, पावडर दोन वेळा. मॉर्फीनला हात लावला नाही, कारण दुखणं त्यानेच आवरलं होतं. पंधरवड्याने आजी पुन्हा ४ नंबरवर.

आणखी कोणती औषधं अशी भर घालतात?

सगळ्यात मोठा गट म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवणारी औषधं, कारण आतड्याला हलवणारा संदेश त्याच रसायनाने जातो. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, लघवी वारंवार होते म्हणून दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन, कंपवातासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल, पोटदुखीसाठीचं डायसायक्लोमिन, आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, ही त्यातली. सर्दीची गोळी लोक औषधांत मोजतच नाहीत, म्हणून मी ती मुद्दाम विचारते. तोंड कोरडं पडलं तर आतड्यावरही तसाच परिणाम होतोय असं समजावं.

मनोविकाराच्या औषधांत क्लोझापीनबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याने आतडं इतकं मंद होऊ शकतं की जिवावर बेतू शकतं, आणि रुग्णाला त्रास जाणवेलच असं नाही. क्लोझापीन घेणाऱ्याने रेचक पहिल्यापासून घ्यावं की नाही हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं आणि शौचाची रोज नोंद ठेवावी. रक्तदाबासाठीचं व्हेरापामिल, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियम असलेली आम्लनाशकं आणि वजन-मधुमेहासाठीची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं हीसुद्धा त्याच यादीतली आहेत.

नवं औषध लिहून मिळालं की तिथल्या तिथे विचारा, "याने पोट अडतं का, आणि रेचकाची मात्रा बदलायची का?" आजींच्या बाबतीत हा प्रश्न तीन वेळा विचारायला हवा होता.

रेचकांची मात्रा वाढवूनही काही होत नाही. पुढे काय?

दोन प्रकारची रेचकं, पुरेशा मात्रेत, रोज घेऊनही त्रास टिकला, तर आतड्यातल्या ओपिऑइडलाच अडवणारी औषधं आहेत. मेथिलनालट्रेक्सोन, नालॉक्सेगॉल, नालडेमेडीन. ती म्यू ग्राहीवरून ओपिऑइडला हटवतात, पण मेंदूभोवतीचा अडसर फारसा ओलांडत नाहीत, म्हणून दुखण्यावरचा परिणाम टिकून राहतो.

आतडं अडलेलं असेल किंवा तशी शंका असेल तर ती अजिबात चालत नाहीत, भिंत फाटण्याचा धोका असतो. सुरुवातीला पोटात जोरात कळा येऊ शकतात. घाम, जांभया, अस्वस्थता, थंडी वाजणं असं काही दिसलं तर लगेच कळवा, ती ओपिऑइड उतरल्याची लक्षणं असू शकतात. नालॉक्सेगॉल रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, आणि ग्रेपफ्रूट किंवा काही बुरशीनाशक व प्रतिजैविक औषधांबरोबर त्याची रक्तातली पातळी चढते.

त्यापेक्षा वेदनाशामकच बंद केलं किंवा बदललं तर?

काही आठवडे रोज घेतलेलं ओपिऑइड एकदम बंद करायचं नसतं. दुखणं तर उसळतंच, शिवाय शरीर तडफडतं. पोट अडतंय म्हणून गोळ्या गुपचूप चुकवणारे बरेच भेटतात, आणि मग "औषध लागू पडत नाही" असा गैरसमज होऊन मात्रा वाढते. चुकवत असाल तर सांगा, रागावणार नाही.

बदलणं हा मार्ग आहे. फेंटॅनिलच्या त्वचेवर लावायच्या पॅचने तोंडाच्या मॉर्फीनपेक्षा बद्धकोष्ठता कमी होताना दिसते. मात्र एका ओपिऑइडवरून दुसऱ्यावर जाताना मात्रेचा हिशेब डॉक्टरांनीच करायचा असतो, आणि पॅच आला म्हणून रेचक सुटलं असं होत नाही.

घरी रोज काय करता येईल?

नाश्त्यानंतर अर्ध्या तासात बसा. पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्यात आपोआप लाट येते, आणि ती सकाळी सगळ्यात जोरात असते. रात्री घेतलेली सेनाही त्याच वेळी काम करत असते. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटं स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि वाट सरळ होते. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. पाणी पुरेसं प्या, पण नुसत्या पाण्यावर ही बद्धकोष्ठता सुटत नाही. पाणी पीत नाही म्हणून रुग्णाला दोष देणं मला पटत नाही.

एनिमा घरी घेऊ का?

अधूनमधून, सांगितला असेल तर. दर आठवड्याला लागतोय याचा अर्थ रोजचं रेचक कमी पडतंय. फॉस्फेटचा एनिमा आणि मॅग्नेशियमची रेचकं मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि अशक्त वृद्धांना धोक्याची. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी खूप उतरल्या असतील तर गुदद्वारातून काहीही घालू नये, कांडीसुद्धा नाही.

कधी थेट रुग्णालयात जायचं?

पोट फुगून कडक झालंय, उलट्या होत आहेत आणि वायूही सरत नाही, असं असेल तर रेचक न घेता लगेच. पोटात सतत तीव्र दुखणं, ताप किंवा मळातून रक्त, तरीही. कर्करोग मणक्यात असलेल्याला शौच अडण्यासोबत पायात नव्याने अशक्तपणा, बसायच्या जागी बधिरपणा किंवा लघवी अडणं दिसलं, तर दोष मॉर्फीनवर टाकून थांबू नका. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात.

जेवणच दोन घासांवर आलंय. मग शौच कुठून होणार? रेचक थांबवलं तर चालेल?

प्रमाण कमी होईल, पूर्ण थांबणार नाही. मळात फक्त अन्नाचं उरलंसुरलं नसतं. जिवाणू, आतड्याच्या अस्तरातून झडलेल्या पेशी आणि स्राव हे काहीही न खाणाऱ्याच्याही आतड्यात रोज जमत राहतात. म्हणून अशा वेळी आठवड्यात दोन-तीनदा थोडं, मऊ आणि कुंथावं न लागता होतंय का, एवढंच बघतो. सिरप किंवा पावडरीचा पेला जात नसेल तर ती कमी करतो. सेनाची गोळी गिळता येते तोवर चालू ठेवतो आणि गिळता येईनाशी झाली की कांडीवर जातो.